बावीस किलो स्फुरद, पण कुठलं? एका माती अहवालावरून लिहिलेली खताची चिठ्ठी

माती परीक्षणाचे अहवाल वाचून शेतकऱ्याला खताची चिठ्ठी लिहून देणं हे माझं रोजचं काम. बहुतेक अहवाल सरळ असतात. आकडा बघायचा, कमी-मध्यम-जास्त ठरवायचं, पिकाच्या शिफारशीत वाढ-घट करायची आणि गोण्यांत मांडून द्यायचं. हे प्रकरण इथे मांडते आहे, कारण त्यात एका आकड्याचे तीन अर्थ निघत होते आणि प्रत्येक अर्थाला खताची मात्रा वेगळी येत होती. शिवाय शेतकऱ्याने विचारलेला एक प्रश्न असा होता की त्याचं उत्तर नीट दिल्याशिवाय चिठ्ठीवर त्याचा विश्वास बसला नसता.

जमीन ५० गुंठे, भारी, काळी, चुनखडीची. पाण्याची सोय आहे. पीक संकरित मका. कणसं घरी येणार आणि कडबा जनावरांना जाणार. शेणखत दरवर्षी पडतं, या वर्षीही साधारण पाच टन पडणार आहे. हातात प्रयोगशाळेचा एक पानी अहवाल होता. त्यातले कामाचे आकडे असे:

| घटक | आकडा | अहवालावरचा शेरा |
|---|---|---|
| सामू | ८.३ | विम्लधर्मी |
| विद्युत वाहकता (डेसीसायमन प्रति मीटर) | ०.३ | सर्वसाधारण |
| सेंद्रिय कर्ब (टक्के) | ०.४८ | कमी |
| मुक्त चुना (टक्के) | ९ | चुनखडीयुक्त |
| उपलब्ध नत्र (किलो/हेक्टर) | १९० | कमी |
| उपलब्ध स्फुरद | २२ | मध्यम |
| उपलब्ध पालाश (किलो/हेक्टर) | ५२० | जास्त |
| गंधक (पीपीएम) | ७ | कमी |
| जस्त (पीपीएम) | ०.४२ | कमी |
| लोह (पीपीएम) | ३.१ | कमी |

स्फुरदापुढे एकक नव्हतं. या प्रकरणाची खरी गाठ तिथेच होती. तिच्याकडे वळण्याआधी शेतकऱ्याचा प्रश्न सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

"जमिनीत १९० किलो आहे, मग वरून कशाला?"

अहवाल टेबलावर ठेवून काका म्हणाले, "ताई, यात नत्र १९० किलो लिहिलंय. मक्याला हेक्टरी १२० लागतं म्हणतात. म्हणजे घरातच ७० किलो शिल्लक आहे की! मग युरिया घालायचा कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. अहवालाची मांडणीच अशी असते की तो बँकेच्या पासबुकासारखा वाचला जातो. इतके जमा, इतके खर्च, उरलेली शिल्लक. पण 'उपलब्ध' या सदराखालचा आकडा म्हणजे पिकाला काढून घेता येईल अशी जमा नव्हे. प्रयोगशाळेत मातीवर ठरावीक रसायनाची ठरावीक वेळ क्रिया करतात आणि त्यात जेवढं अन्नद्रव्य निघतं तेवढं लिहितात. नत्रासाठी अल्कधर्मी परमँगनेट वापरतात. ते सेंद्रिय पदार्थातलं सहज सुटणारं नत्र मोकळं करतं. मक्याच्या मुळांची काम करायची रीत वेगळी. सेंद्रिय पदार्थ कुजून नत्र सुटतं ते हळूहळू, ओलावा आणि उष्णता असेल तसं. शिवाय मुळं सगळ्या मातीला शिवत नाहीत. हंगामाच्या तीन-साडेतीन महिन्यांत त्या १९० पैकी एक भागच पिकाच्या वाट्याला येतो.

मग त्या आकड्याचा उपयोग काय? तो एक खूण आहे. वेगवेगळ्या जमिनींवर खताचे प्रयोग घेऊन कुठल्या आकड्याखाली खत दिल्यावर पीक हमखास वाढतं आणि कुठल्या आकड्यावर वाढत नाही हे ताडून मर्यादा ठरवलेल्या असतात. भारतात परमँगनेट पद्धतीच्या नत्रासाठी हेक्टरी २८० किलोच्या आत कमी, २८० ते ५६० मध्यम आणि त्यापुढे जास्त असं धरतात. १९० म्हणजे 'नत्र दिलं तर पीक प्रतिसाद देईल अशी जमीन' एवढंच. १२० मधून १९० वजा करायचे नसतात, आणि २८० मधून १९० वजा करून उरलेले ९० घालायचेही नसतात. दुसरी चूक मी शिकलेल्या लोकांच्या हातूनही होताना पाहिली आहे.

काकांना मी इतकंच सांगितलं, "१९० हा साठा नाही, इशारा आहे. तुमच्या जमिनीत नत्राची बाजू लंगडी आहे, एवढंच तो सांगतो." पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न पालाशाचा आला. पालाश ५२० आहे, तोही इशाराच का? हो, पण उलट्या बाजूचा. पालाशाच्या मर्यादा साधारण १०८ आणि २८० किलो. ५२० त्यांच्या कितीतरी वर आहे.

आधी अहवाल स्वतःशी जुळतो का ते बघायचं

चिठ्ठी लिहायला बसण्याआधी आकडे एकमेकांना धरून आहेत का हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि त्यात बरंच कळतं. सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के म्हणजे ०.५ च्या आत, कमी. नत्रही कमी. दोन्ही एकाच दिशेला आहेत. सेंद्रिय कर्ब ०.९ आणि नत्र १५० असं आलं असतं तर मी थांबले असते. सामू ८.३ आणि चुना ९ टक्के हेही जुळतं. मोकळा चुना असलेल्या जमिनीचा सामू साधारण याच आसपास येऊन थांबतो. भारी काळ्या जमिनीत पालाश भरपूर असणंही नवल नाही.

सामूवरून एक फाटा फुटतो तो इथेच संपवते. ८.३ बघून काकांना कोणीतरी जिप्सम टाकायला सांगितलं होतं. जिप्समचा उपाय चोपण जमिनीचा आहे, म्हणजे जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं. तिथे सामू बहुधा ८.५ च्या वर जातो, पाणी मुरत नाही आणि पाऊस पडून गेल्यावर जमीन चिकट होऊन तिला कडक पापुद्रा येतो. या शेतात पाणी मुरतं, क्षारता कमी आहे आणि सामू चुन्यामुळे वाढलेला आहे. चुन्याच्या जमिनीत सामू खाली आणायला जिप्सम घालून काही साधत नाही. चिठ्ठीतून ते काढलं.

नमुना कसा घेतला तेही विचारलं. शेतातून नागमोडी फिरत बारा-पंधरा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून कडेची माती घेतली, ती एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणली. बांध, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा सोडली होती. म्हणजे नमुन्यावर भरवसा ठेवायला हरकत नव्हती. ढिगाच्या जागेची एक खुरपीभर माती जरी मिसळली असती तरी स्फुरद आणि पालाशाचे आकडे फुगले असते आणि पुढचा सगळा हिशेब वाया गेला असता.

बावीस

आता स्फुरद. अहवालात फक्त २२ आणि पुढे 'मध्यम'. हा आकडा तीन प्रकारे वाचता येतो.

पहिला अर्थ, हेक्टरी २२ किलो मूळ स्फुरद, म्हणजे P. स्फुरद मोजायच्या ऑल्सन पद्धतीत भारतात धरली जाणारी मर्यादा साधारण १० ते २५ किलो. तेव्हा २२ म्हणजे मध्यम.

दुसरा अर्थ, हेक्टरी २२ किलो P₂O₅. खताच्या गोणीवर स्फुरद याच रूपात छापलेलं असतं, म्हणून काही ठिकाणी मातीचाही आकडा त्याच रूपात देतात. मूळ स्फुरदाला २.२९ ने गुणलं की हा आकडा येतो. उलट जायचं तर २२ ला २.२९ ने भागायचं, म्हणजे ९.६. तो १० च्या आत, म्हणजे कमी.

तिसरा अर्थ, २२ पीपीएम, म्हणजे दहा लाख किलो मातीत २२ किलो मूळ स्फुरद. एक हेक्टर जमिनीचा वरचा पंधरा सेंटिमीटरचा थर साधारण २२.४ लाख किलो धरतात, त्यामुळे पीपीएमला २.२४ ने गुणलं की किलो प्रति हेक्टर मिळतात. २२ पीपीएम म्हणजे ४९ किलो, म्हणजे जास्त.

आकडा एकच, पण जमीन कमी, मध्यम आणि जास्त अशी तीनही ठरते. वापरातला साधा नियम असा की कमी असेल तर शिफारशीत पाव भाग वाढवायचा, मध्यम असेल तर शिफारस तशीच ठेवायची, जास्त असेल तर पाव भाग कमी करायचा. मक्याच्या ६० किलो स्फुरदावर हा नियम लावला तर उत्तर ७५, ६० किंवा ४५ येतं. आणि अहवालावर छापलेला 'मध्यम' हा शेरा इथे उपयोगाचा नव्हता. शेरा संगणक लावतो, त्याला फक्त २२ दिसतो, त्यामागचं एकक दिसत नाही.

हे कसं ओळखायचं? सगळ्यात सोपा मार्ग प्रयोगशाळेला विचारण्याचा, आणि मी तोच घेतला. तिथल्या तपासनीसाने वही बघून सांगितलं की यंत्रावरून आलेला आकडा ते २.२९ ने गुणून लिहितात. म्हणजे दुसरा अर्थ खरा आणि 'मध्यम' हा शेरा चुकीचा, कारण मर्यादा मूळ स्फुरदाच्या आणि आकडा P₂O₅ चा. विचारायची सोय नसेल तर अहवालाच्या खाली किंवा मागे मर्यादांचा तक्ता असतो तो बघावा. त्यात मध्यमची पट्टी १० ते २५ च्या आसपास असेल तर मूळ स्फुरद, २३ ते ५७ च्या आसपास असेल तर P₂O₅ धरलेलं असतं. पण तक्ता आणि आकडा एकाच रूपात असतील याची खात्री नसते. हे प्रकरण त्याचाच पुरावा आहे, म्हणून फोन केलेला बरा.

पद्धतही त्याच फोनवर विचारून घेतली. विम्ल आणि चुनखडीच्या जमिनीला ऑल्सनची बायकार्बोनेटची पद्धत लागते. आम्ल जमिनीसाठीची ब्रेची पद्धत इथे वापरली तर तिच्यातलं आम्ल चुन्यावरच खर्ची पडतं आणि स्फुरद नसल्यासारखं दिसतं. इथे ऑल्सनच होती.

इथे थोडं सबुरीनेही घ्यायला हवं. ९.६ आणि १० यांत फरक असा काहीच नाही. तीच माती दुसऱ्या दिवशी तपासली तर १०.५ येऊ शकतं. म्हणून फक्त या आकड्यावर ६० चे ७५ करणं मला पटलं नसतं. पण जमिनीत चुना ९ टक्के आहे, दिलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं, आणि काकांनी मागच्या काही पिकांना स्फुरदाचं खत घातलंच नव्हतं, युरियावर भागवलं होतं. तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या, म्हणून ७५ धरले. एका वर्षापुरतं.

पालाशाचं एकक मात्र मी विचारलंही नाही. तिथेही मूळ पालाश आणि K₂O असा १.२ पटीचा फरक असतो. पण ५२० ला १.२ ने भागलं तरी ४३३ उरतात, जास्त ते जास्तच. आकडा मर्यादेच्या जवळ असेल तेव्हाच एककाची चौकशी निर्णय बदलते.

गोण्यांत मांडणं

शिफारशीचा पाया हेक्टरी १२० नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश असा घेतला. यात हेक्टरी दहा टन शेणखत आधीच धरलेलं आहे. काकांच्या पाच टनांचा वेगळा हिशेब मी केला नाही तो त्यामुळेच, केला असता तर तेच खत दोनदा वजा झालं असतं. नत्र कमी, म्हणून १५०. स्फुरद ७५. पालाश जास्त, म्हणून ३०.

हे सगळं हेक्टरचं झालं. अहवाल हेक्टरमध्ये बोलतो आणि शेतकरी एकर-गुंठ्यात, आणि या फटीत खताची मात्रा अडीच पट होऊन बसते. हेक्टरचा आकडा एकराला लावून टाकणं ही मी पाहिलेल्या चुकांत सगळ्यात महागात पडणारी. इथे सोय अशी की शंभर गुंठे म्हणजे जवळपास एक हेक्टर. ५० गुंठ्यांना सगळं निम्मं करायचं: नत्र ७५, स्फुरद ३७.५, पालाश १५ किलो.

आता खत कुठलं? सरळ डीएपी घेतलं तर ३७.५ किलो स्फुरदासाठी साडेएक्याऐंशी किलो लागतं. पण गंधक ७ पीपीएम आहे, १० च्या आत, आणि डीएपीत गंधक धरण्यासारखं नसतं. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक असतं. सगळं स्फुरद सुपर फॉस्फेटमधून द्यायचं तर २३४ किलो लागेल, त्यातून २६ किलो गंधक पडेल. एवढ्याची गरज नाही आणि वाहतुकीचा भार वेगळा. म्हणून दोन्ही मिसळ घेतली. सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या दोन गोण्या म्हणजे १६ किलो स्फुरद आणि ११ किलो गंधक, म्हणजे हेक्टरी २२ किलो गंधक, पुरेसं. डीएपीची एक गोणी म्हणजे २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र. स्फुरद एकूण ३९. दीड किलो जास्त झालं, ते सोडून दिलं.

नत्राचे ७५ पैकी ९ डीएपीतून आले, ६६ उरले. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे १४३ किलो युरिया. युरियाची गोणी आता ४५ किलोची असते, ५० ची धरून हिशेब करू नये. तीन गोण्या म्हणजे १३५ किलो, त्यातून ६२ किलो नत्र. एकूण ७१ झालं, चार किलो कमी. चौथी गोणी फोडून आठ किलो काढायला सांगणं म्हणजे मातीच्या आकड्यांत नसलेली अचूकता शेतकऱ्याच्या माथी मारणं. तीन गोण्या लिहिल्या.

पालाशाचे १५ किलो म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशची अर्धी गोणी. इथे मी थोडी घुटमळले. ५२० किलोच्या जमिनीत पालाश द्यायचंच नाही असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण मक्याने उचललेल्या पालाशाचा मोठा हिस्सा दाण्यात जात नाही, कडब्यात राहतो. कडबा शेतातच कुजवला असता तर मी पालाश शून्य लिहिलं असतं. इथे कडबा गोठ्यात जातो. शेणखतातून त्यातला काही भाग परत येतो, सगळा नाही. म्हणून अर्धी गोणी ठेवली आणि एक अट घातली: शेताच्या मधल्या चार ओळींना पालाश द्यायचं नाही. काढणीला त्या ओळींची कणसं आणि शेजारच्या तितक्याच ओळींची कणसं वेगळी वजन करायची. फरक पडला नाही तर पुढच्या वर्षी पालाश बंद. मर्यादांच्या तक्त्यापेक्षा त्या चार ओळींचा पुरावा या शेतासाठी वजनदार ठरेल.

जस्त आणि लोह, दोन्ही कमी, पण उपाय वेगळा

अहवालात जस्त आणि लोह दोन्हींपुढे 'कमी' आहे. जस्ताची मर्यादा ०.६ पीपीएम, इथे ०.४२. लोहाची ४.५, इथे ३.१. छापील सल्ल्यात दोन्हींची सल्फेटं जमिनीत टाकायला सांगितलेली होती. जस्ताचं ठीक आहे. झिंक सल्फेट हेक्टरी २५ किलो, म्हणजे या शेताला साडेबारा किलो. हे २१ टक्के जस्ताच्या खड्यांचं. ३३ टक्क्यांची पावडर मिळाली तर आठ किलो पुरते. मका जस्ताच्या कमतरतेला नाजूक असतो. रोपाच्या कोवळ्या पानांवर बुडाकडून मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट-पिवळे पट्टे दिसले की ओळखायचं. एकदा जमिनीतून दिलेलं झिंक सल्फेट दोन-तीन हंगाम काम करतं, म्हणून चिठ्ठीत 'दरवर्षी नको' असं ठळक लिहावं लागतं.

लोहाचं तसं नाही. चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट टाकलं की लोह बघता बघता गंजासारख्या रूपात जातं आणि पिकाला मिळत नाही. जमिनीत लोह कमी नसतंच मुळी, मिळणारं कमी असतं, आणि वरून टाकलेलंही त्याच वाटेने जातं. म्हणून जमिनीतून लोह खोडलं. त्याऐवजी लक्षणं दिसली तरच फवारणी. शेंड्याकडच्या नव्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशा लांब रेघा दिसल्या तर अर्धा टक्का फेरस सल्फेट फवारायचं. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल, म्हणजे पाण्यात लोह टिकतं. फवारणी सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर. आठ-दहा दिवसांनी नवी पानं हिरवी निघाली नाहीत तर पुन्हा एकदा.

जस्त आणि लोहाच्या रेघा नवख्याला सारख्याच वाटतात. जस्ताचा पट्टा रुंद, पांढरट आणि पानाच्या बुडाकडे जास्त असतो. लोहाच्या रेघा बारीक आणि पानभर.

काकांच्या हातात गेलेली चिठ्ठी

टक्के, पीपीएम आणि किलो प्रति हेक्टर यातलं काहीच चिठ्ठीत ठेवलं नाही. ते अहवालात आहे, ज्याला हवं त्याने तिथे बघावं.

> ५० गुंठे मका, एका हंगामासाठी
>
> पेरणीच्या आधी: पाच टन कुजलेलं शेणखत. झिंक सल्फेट साडेबारा किलो, थोड्या शेणखतात मिसळून वेगळं पसरा. डीएपी किंवा सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नका.
>
> पेरताना: डीएपी १ गोणी, सुपर फॉस्फेट २ गोण्या, पोटॅश अर्धी गोणी. फेकून देऊ नका. बियाण्याच्या बाजूला दोन बोटं अंतर ठेवून आणि दोन बोटं खाली, ओळीत द्या. युरियाची १ गोणी याच दिवशी, पण बियाण्याला लागणार नाही अशी. मधल्या चार ओळींना पोटॅश नाही.
>
> ३० दिवसांनी: युरिया १ गोणी. मातीने झाका किंवा लगेच पाणी द्या.
>
> ४५ ते ५० दिवसांनी, तुरा यायच्या आधी: युरिया १ गोणी, तसाच.
>
> युरिया आणि सुपर फॉस्फेट आधीपासून मिसळून ठेवू नका, ओलं होऊन गोळे होतात.
>
> लोह जमिनीत टाकायचं नाही. नव्या पानांवर पिवळ्या रेघा दिसल्या तर फोन करा. जिप्सम नको. झिंक पुढच्या वर्षी नको.

यात दोन गोष्टी छापील सल्ल्यात सहसा नसतात, आणि माझ्या मते मात्रेइतक्याच त्या महत्त्वाच्या आहेत. एक, स्फुरद ओळीत देणं. चुनखडीच्या मातीत ते जितकं पसराल तितक्या जास्त चुन्याला भेटेल. एका पट्टीत, मुळांच्या वाटेवर दिलं तर बांधलं जायच्या आधी पिकाच्या हाती लागतं. दुसरी, युरिया झाकणं. सामू ८.३ असलेल्या जमिनीवर युरिया उघडा पडला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत जातं. हिशेब करून ७५ चे ७१ किलो केलेलं नत्र उन्हात उघडं टाकलं तर चार किलोंची चर्चा करण्यात अर्थ राहत नाही.

किती उत्पादन हवं ते ठरवून त्यावरून खत काढायची समीकरणंही असतात. काकांनी ते ऐकलं होतं आणि विचारलंही. ती समीकरणं ठरावीक पिकासाठी, ठरावीक प्रकारच्या जमिनीवर प्रयोग करून बसवलेली असतात, आणि मातीचा आकडाही त्याच पद्धतीने व त्याच एककात काढलेला लागतो. या अहवालाचं एककच फोनवर शोधावं लागलं होतं. म्हणून मी टक्केवारीच्या साध्या नियमावरच थांबले.

पेरणीच्या तोंडावर काकांचा फोन आला. "ताई, डीएपी मिळत नाही. दुकानात १२:३२:१६ आहे, तेच घेऊ का?" अशी वेळ नेहमी येते, आणि चिठ्ठी गोण्यांत लिहिली की अडचण इथेच होते. म्हणून नत्र, स्फुरद, पालाश, गंधकाचे मूळ किलो मी मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेले असतात. १२:३२:१६ च्या दोन गोण्यांत नत्र १२, स्फुरद ३२, पालाश १६. सुपर फॉस्फेटची एक गोणी धरली की स्फुरद ४०. पालाशाची गरज १५ ची होती, ती यातच भागली, म्हणून पोटॅशची अर्धी गोणी रद्द. युरिया तीन गोण्याच, नत्र ७४ होतं. मात्र सुपर फॉस्फेटची एक गोणी घटली की गंधक ११ वरून साडेपाच किलोवर येतं. ते भरून काढायला ९० टक्क्यांचं दाणेदार गंधक सहा किलो, आणि तेही पेरणीलाच, कारण हे गंधक जमिनीत जिवाणूंनी सल्फेट केल्यावरच पिकाला लागू पडतं, त्याला वेळ लागतो. मधल्या चार ओळींचं काय, हे काकांनी स्वतःहून विचारलं. त्यांना १२:३२:१६ च्या जागी तेवढंच स्फुरद सुपर फॉस्फेटमधून द्यायचं आणि कमी पडलेलं नत्र युरियातून, म्हणजे पालाश सोडून नत्र आणि स्फुरद सारखं राहील, गंधक मात्र त्या ओळींना जास्त पडेल. ओळी थोड्याच असल्याने घरच्या काट्यावर मोजून होतात, आणि सुपर फॉस्फेटची गोणी तशीही फोडायची होतीच.